विश्लेषण : कवितेचे गाणे होताना ध्रुवपद कोणते, हे कसे ठरते?

कविता एकदा वाचली की पुढे जाते, गाणे मात्र एका जागी परत परत येते. कागदावरच्या कवितेला चाल लावायची म्हटले की संगीतकारापुढे पहिला प्रश्न रागाचा किंवा तालाचा नसतो. या सोळा-वीस ओळींतली कोणती ओळ पुन्हा पुन्हा ऐकवायची, हे आधी ठरवावे लागते. निवडलेल्या ओळीनुसार त्याच कवितेची वेगवेगळी गाणी होऊ शकतात, आणि निवड चुकली तर चांगल्या कवितेचे कंटाळवाणे गाणेही होते. ही निवड कशी केली जाते, ती चुकल्याचे कसे ओळखता येते, याचा हा आढावा.

ध्रुवपद म्हणजे नेमके काय?

ध्रुव म्हणजे न हलणारे. गाण्यातले बाकीचे शब्द बदलत जातात आणि एक ओळ किंवा ओळींची जोडी तशीच राहते, ते ध्रुवपद. बोलीत त्यालाच धृपद म्हणतात. सुगम संगीतात गाण्याच्या सुरुवातीला येणाऱ्या आणि प्रत्येक कडव्यानंतर परतणाऱ्या या भागाला मुखडा, तर मधल्या कडव्यांना अंतरे म्हणण्याची पद्धत आहे.

मराठीत ही खूण छापील पानावरही दिसते. तुकाराम गाथा उघडली तर बहुतेक अभंगांत पहिल्या कडव्यापुढे १ हा आकडा, दुसऱ्यापुढे ‘ध्रु.’ आणि तिसऱ्यापुढे २ असा क्रम आढळतो. म्हणजे अभंग सुरू होतो एका कडव्याने, पण परतण्याची जागा म्हणून खूण केलेली असते ती त्यापुढच्या कडव्यावर. आज ध्वनिमुद्रित अभंग ऐकणाऱ्याला हे थोडे अनोळखी वाटेल. कारण सुगम संगीतात पहिली ओळच मुखडा होण्याचा प्रघात आहे.

त्याने फरक काय पडतो?

‘सुंदर ते ध्यान’ हा अभंग घेऊ. पहिल्या कडव्यात विटेवर कर कटावर ठेवून उभ्या असलेल्या विठ्ठलाचे चित्र आहे. ‘ध्रु.’ ही खूण असलेल्या दुसऱ्या कडव्यात गळ्यातला तुळशीहार आणि पितांबर येतो, आणि हेच रूप आपल्याला निरंतर आवडते असे तुकोबा सांगतात. पहिले कडवे वर्णनाचे आहे. दुसऱ्यात वर्णन करणारा माणूस स्वतः बोलू लागतो.

गाथेतल्या खुणेप्रमाणे गायले तर कानातली कुंडले, गळ्यातला मणी असा प्रत्येक तपशील सांगून झाल्यावर गाणे ‘मला हे आवडते’ या बोलण्यावर परतते. श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेल्या आणि लता मंगेशकर यांनी गायलेल्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात पहिली ओळ परत येते. तिथे प्रत्येक तपशिलानंतर आपण पुन्हा मूर्तीसमोर उभे राहतो. एकात आवड वाढत जाते, दुसऱ्यात दर्शन. दोन्ही निवडी योग्य ठरतात, कारण दोन्ही ओळी बाकीच्या प्रत्येक कडव्यानंतर अर्थाने बसतात. शब्द तेच राहिले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात काय उरते हे मात्र बदलले.

आधुनिक कवितेत मात्र अशी खूण नसते. कवीने ध्रुवपद लिहिलेलेच नसेल, तर ते कवितेतूनच शोधावे लागते.

ते शोधायचे कसे?

एक नमुना घेऊन पाहणे सोपे जाईल. त्यासाठीच रचलेली ही चार कडव्यांची साधी कविता :

सांज उतरली पारावरती
गायी आल्या वेशीपाशी
दिवा लाविला देवापुढचा
अजून आई दारापाशी

गाडी गेली शेवटचीही
स्टँड रिकामा झाला सारा
कंदिलातले तेल संपले
दारावरती वाजे वारा

पत्रे आली, पैसे आले
नातू आला फोटोमधुनी
कॅलेंडरची उलटत पाने
वर्षे गेली भिंतीवरुनी

लेक परतला, कुलूप दिसले
पारावरती तीच सांज ती
उंबरठ्यावर गवत वाढले
देवापुढची विझली पणती

कवितेत एकही ओळ दोनदा येत नाही. आई एकाच ओळीत आहे, आणि शेवटच्या कडव्यात तिचे नावही नाही. आता यातली कोणती ओळ परत आणायची?

पहिला उमेदवार अर्थातच पहिली ओळ. ‘सांज उतरली पारावरती’ गायला गोड आहे, प्रसंगाची वेळ आणि जागा लगेच सांगते. पण ती प्रत्येक कडव्यानंतर वाचून पाहावी. पहिल्या कडव्यानंतर ठीक. दुसऱ्या कडव्यात शेवटची गाडी गेली आहे, कंदिलातले तेलही संपले आहे, म्हणजे रात्र बरीच झाली आहे. तिथे पुन्हा सांज उतरली तर वेळ मागे सरकते. तिसऱ्यात तर वर्षे गेली आहेत. शेवटच्या कडव्यात ‘तीच सांज ती’ असे कवितेनेच म्हटले आहे. तोवर सांज चार-पाच वेळा ऐकवून झाली असेल, तर ‘तीच’ या शब्दाचा धक्का उरत नाही. कवितेने राखून ठेवलेला परतावा गाण्याने आधीच खर्चून टाकलेला असतो.

दुसरा उमेदवार शेवटची ओळ, ‘देवापुढची विझली पणती’. कवितेतली ही सर्वांत जड ओळ आहे, म्हणून तिचा मोह होतो. पण ती मुखडा झाली तर गाणे शेवटापासून सुरू होते. शिवाय पहिल्याच कडव्यात देवापुढचा दिवा लावला आहे, आणि लगेच तो विझल्याचे ऐकू येईल. ज्या ओळीत गोष्टीचा शेवट आहे, ती सहसा ध्रुवपद होऊ शकत नाही.

तिसरा उमेदवार पहिल्या कडव्याची चौथी ओळ, ‘अजून आई दारापाशी’. हीही प्रत्येक कडव्यानंतर वाचून पाहावी. सांजेला ती वाट पाहते आहे, इतकाच अर्थ. रात्री गाडी गेल्यावरही ती तिथेच आहे, म्हणजे तिने आशा सोडलेली नाही. वर्षे भिंतीवरून उतरली तरी ती दाराशीच आहे. इथे ‘अजून’ हा शब्द काही तासांवरून काही वर्षांपर्यंत ताणला जातो. शेवटी कुलूप लागलेल्या दारापाशीही ती आहेच, पण आता लेकाच्या मनात. एकही अक्षर न बदलता ओळीचा अर्थ चार वेळा बदलला.

ध्रुवपद निवडण्याची खरी कसोटी हीच. ओळ किती सुंदर आहे, यापेक्षा ती प्रत्येक कडव्यानंतर खरी राहते का आणि दर वेळी थोडी वेगळी ऐकू येते का, हे पाहायचे. काहीच बदल न होता परतणारी ओळ तिसऱ्या खेपेला रटाळ होते. कडव्याशी भांडणारी ओळ ऐकणाऱ्याला गोंधळात टाकते. ‘अजून’, ‘पुन्हा’, ‘तरी’ यांसारखे शब्द असलेल्या ओळी किंवा प्रश्नार्थक ओळी ध्रुवपदाला अनेकदा सोयीच्या पडतात. त्यांचा अर्थ आधीच्या ओळींवर टेकलेला असतो. आधीचे कडवे बदलले की तोही बदलतो.

एक ओळ पुरते की दोन लागतात?

एकच ओळ मुखड्याला तोकडी वाटते. चालीला वर जायला आणि परत यायला जागा हवी असते, म्हणून दोन ओळींची जोडी घेण्याकडे कल असतो. या कवितेत सहज सुचणारी जोडी म्हणजे लागून असलेल्या दोन ओळी : ‘दिवा लाविला देवापुढचा, अजून आई दारापाशी’. पण इथे पहिल्या ओळीला दुसरीची कसोटी लागते. शेवटच्या कडव्यात पणती विझल्यावर गाणे पुन्हा दिवा लावील. ही जोडी बाद.

दुसरी जोडी जास्त फसवी आहे : ‘गायी आल्या वेशीपाशी, अजून आई दारापाशी’. मधली ओळ गाळून या दोन ओळी शेजारी आणल्या तर यमक जुळते, आणि गायी घरी आल्या पण मुलगा आला नाही, असा विरोधही नेमका उभा राहतो. चालीवर गुणगुणताना ती फार छान वाटते. पण दुसऱ्या कडव्यानंतर, शेवटची गाडीही गेल्यावर, गायी पुन्हा वेशीपाशी येतात. चालीच्या नादात अशा चुका हमखास निसटतात. म्हणून ध्रुवपद ठरवल्यावर संपूर्ण गाणे, प्रत्येक परताव्यासह, एकदा चालीशिवाय मोठ्याने वाचणे उपयोगी पडते. सुरांनी झाकलेली विसंगती नुसत्या वाचनात उघडी पडते.

मग मार्ग उरतो तो एकच ओळ दोनदा गाण्याचा. पहिल्या वेळी चाल वरच्या सुरावर अधांतरी सोडायची आणि दुसऱ्या वेळी षड्जावर आणून टेकवायची. ऐकणाऱ्याला दोन ओळींचा मुखडा ऐकल्यासारखे वाटते आणि अर्थाला कुठेही बाध येत नाही.

ओळ गळ्याला सोपी आहे का, हेही इथेच तपासले जाते. ‘अजून आई दारापाशी’ या ओळीत ‘जू’, ‘आ’, ‘ई’, ‘दा’, ‘रा’ असे लांबवता येणारे स्वर भरपूर आहेत. नुसत्या ‘आई’ या शब्दावर सूर कितीही वेळ धरता येतो. पहिले अक्षर ‘अ’ मात्र ऱ्हस्व आणि हलके आहे. ते समेवर, म्हणजे तालाच्या सर्वांत ठळक मात्रेवर ठेवले तर उगाच ठेच लागल्यासारखे होते. त्यामुळे ओळ समेच्या किंचित आधी उचलून सम ‘जू’वर आणणे बरे. तसे केले की ज्या शब्दावर सारी कविता टेकली आहे, त्याच शब्दावर तालाचाही जोर पडतो.

कडव्यातून मुखड्याकडे वाट कशी काढायची?

गीत म्हणूनच लिहिलेल्या रचनेत ही सोय गीतकाराने आधीच केलेली असते. कडव्याची शेवटची ओळ मुखड्याच्या यमकाशी जुळवलेली असते, त्यामुळे ती संपतासंपताच कानाला मुखड्याची चाहूल लागते. गझलेत तर ही सोय रचनेतच आहे. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत आणि पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत तेच यमक व अन्त्यपद येते. म्हणून कोणत्याही शेरावरून मतल्यावर परतणे सहज होते.

कागदावरच्या कवितेत ही सोय असेलच असे नाही. नमुन्यातले दुसरे कडवे ‘वारा’ या शब्दावर संपते आणि ‘दारापाशी’शी त्याचे यमक नाही. तिथे इतर धागे शोधावे लागतात. ‘दारावरती वाजे वारा’ या ओळीतले दार लगेच ‘दारापाशी’त पुन्हा ऐकू येते, त्यामुळे जोड शब्दाने सांधला जातो. तिसरे आणि चौथे कडवे ‘भिंतीवरुनी’ आणि ‘पणती’वर संपते. यमक पूर्ण नसले तरी शेवटचा ‘ई’ मुखड्याच्या ‘पाशी’शी जुळतो.

उरलेले काम चाल करते. कडव्याच्या पहिल्या दोन ओळी वरच्या सप्तकाकडे चढवायच्या, तिसरीत तिथे थोडे रेंगाळायचे आणि चौथी ओळ खाली उतरवत मुखडा ज्या सुरापासून सुरू होतो त्याच्या जवळ आणून सोडायची, ही रूढ रीत आहे. चौथी ओळ थेट मुखड्याच्याच चालीत बांधण्याचाही पर्याय असतो. इथे तो शक्य आहे, कारण कवितेची प्रत्येक ओळ आठ-आठ मात्रांच्या दोन भागांत पडते आणि आठ मात्रांच्या केरव्यात प्रत्येक भागाला एक आवर्तन मिळते. ओळींची लांबी कमीजास्त असलेल्या मुक्तछंदात हे जमत नाही. तिथे तालाच्या रिकाम्या मात्रा वाद्यांनी भराव्या लागतात किंवा कडवे तालाबाहेर, मुक्तपणे गाऊन फक्त मुखडा तालात घ्यावा लागतो.

कडवी गाळावी लागतात, ती का?

परतावा वेळ खातो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर १६ मात्रांच्या एका ओळीला आठ सेकंद लागतात. चार ओळींचे कडवे ३२ सेकंदांचे, आणि दोनदा गायलेला मुखडा १६ सेकंदांचा. सुरुवातीला मुखडा, मग प्रत्येक कडव्यानंतर मुखडा, आणि पहिल्या कडव्याची चौथी ओळ म्हणजेच मुखडा, असा हिशेब मांडला तर या छोट्या कवितेचेही गाणे ३ मिनिटे २० सेकंदांचे होते. यात वाद्यांचा एक सेकंदही धरलेला नाही.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटे मावत. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात घरोघरी पोहोचली, तो काळ याच तबकड्यांचा. एक मुखडा आणि दोन-तीन कडवी हा भावगीताचा घाट रुळण्यामागे या मर्यादेचाही वाटा आहे. आज तांत्रिक मर्यादा उरलेली नाही, तरी कानाची सवय बरीचशी तीच राहिली आहे.

कडवे गाळायचेच झाले तर तेही ध्रुवपदाकडे पाहून ठरते. नमुन्यातले तिसरे कडवे गाळले तर रात्री वाट पाहणाऱ्या आईचे घर पुढच्या कडव्यात एकदम कुलूपबंद दिसते, आणि ‘अजून’ या शब्दाला वर्षांचा ताण मिळतच नाही. दुसरे गाळले तर रात्रीचा प्रसंग जातो, पण सांजेवरून वर्षांवर जाणारी उडी ध्रुवपद पेलून नेते. म्हणून गाळायचे तर दुसरे.

शेवटच्या कडव्यानंतर परतायचेच का?

सर्वांत नाजूक निर्णय हा असतो. मूळ कविता विझलेल्या पणतीवर थांबते आणि आईबद्दल एक शब्दही बोलत नाही. तिथे ‘अजून आई दारापाशी’ पुन्हा गायले तर जे न बोलता कळत होते, ते बोलून दाखवले जाते. काही श्रोत्यांना ते भिडेल, तर काहींना रडवण्याचा खटाटोप वाटेल.

यावर तीन तोडगे संभवतात. मुखडा एकदाच, तालाशिवाय आणि संथ गायचा. किंवा फक्त वाद्यावर त्याची चाल वाजवायची आणि शब्द ऐकणाऱ्याच्या मनावर सोडायचे. किंवा पणतीच्या ओळीवरच थांबायचे. शेवटच्या पर्यायात गाणे अपुरे वाटण्याचा धोका आहे, पण इथे तोच अपुरेपणा कामी येतो. आधी तीनदा परतलेली ओळ आता येईल म्हणून कान वाट पाहतो आणि ती येत नाही. ध्रुवपदाची सवय लावलेली असल्यामुळेच त्याची अनुपस्थिती ऐकू येते.

काही कवितांना मात्र ध्रुवपद मानवतच नाही. जिथे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला खोडत पुढे जाते किंवा एकच लांब वाक्य शेवटपर्यंत चालते, तिथे मध्येच मागे वळले की विचाराची साखळी तुटते. कोणतीही ओळ दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यानंतर खरी राहत नसेल, तर चाल सलग बांधणे आणि परतावा फक्त वाद्यसंगीताला देणे हा प्रामाणिक मार्ग ठरतो.

कवीची परवानगी लागते का?

संतरचना आणि स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या कवितांसाठी लागत नाही. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हा हक्क टिकतो. ती मुदत कवीच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजली जाते. त्या काळात कविता स्वरबद्ध करून ध्वनिमुद्रित करायची तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार, आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशा रीतीने रचनेची मोडतोड झाली तर तिला आक्षेप घेण्याचा कवीचा हक्क कविता विकल्यावरही शाबूत राहतो. एखादी ओळ पुन्हा गाणे म्हणजे मोडतोड, असे सरसकट म्हणता येणार नाही. पण कडवे गाळणे, दूरच्या ओळी शेजारी आणणे किंवा यमकासाठी शब्द बदलणे यामुळे अर्थ फिरू शकतो. म्हणून परवानगी मागताना नुसते कवितेचे नाव न देता कोणती ओळ कुठे परतणार आणि काय गाळले जाणार, याची गाण्याच्या क्रमाने लिहिलेली प्रत कवीला दाखवणे उत्तम. कोणती ओळ कुठे खोटी पडते, हे अनेकदा कवीच आधी ओळखतो.